४१ जणी ऐकायला, ४ जणी तपासणीला

आजचा विषय थोडा आतल्या गोटातला आहे. मी कम्युनिटी हेल्थ नर्सिंग शिकले, आता गावोगावी आरोग्य शिक्षणाची सत्रं घेते. त्यातलं एक सत्र सपशेल आपटलं, आणि ते पुन्हा कसं बांधलं, हे आज सांगते. विषय होता गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आणि त्याची तपासणी. मराठवाड्यात बायका साध्या भाषेत म्हणतात, पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. मीही तेच म्हणणार आहे.

तर झालं असं. धाराशिव जिल्ह्यातलं एक गाव, समाजमंदिर, दुपारचे दोन. आशाताईंनी घरोघरी फिरून बायका गोळा केल्या. मोजल्या तर ४१. मी खूश. प्रोजेक्टर लावला, ४० मिनिटं बोलले. कॅन्सर म्हणजे काय, व्हायरस कोणता, लक्षणं कोणती, शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटचे फोटो. शेवटी प्रश्न विचारले, बायकांनी पटापट उत्तरं दिली. टाळ्या झाल्या, चहा झाला, फोटो काढून ग्रुपवर टाकला. उपकेंद्रात पुढच्या गुरुवारी तपासणी होती. त्या गुरुवारी आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी मिळून किती आल्या? चार.

मला राग आला, खरं सांगते. पहिला विचार हाच की बायकांना स्वतःच्या तब्येतीची पडलेलीच नाही. हे वाक्य आमच्या क्षेत्रात फार ऐकायला मिळतं आणि ते फार आळशी वाक्य आहे. मग रजिस्टर उघडून बसले. या ४१ जणींत ११ मुली तिशीच्या आतल्या, ५ आज्ज्या ६५ च्या पुढच्या, आणि ६ जणींची पिशवी आधीच काढलेली. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात ही तपासणी ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी आहे, दर पाच वर्षांनी एकदा. पिशवी मुखासकट काढली असेल आणि ती कॅन्सरसाठी काढलेली नसेल, तर सहसा ही तपासणी लागत नाही. म्हणजे माझ्या ४१ पैकी जिच्यासाठी सत्र होतं अशा फक्त १९. आणि आलेल्या चौघींपैकी एकीची पिशवी काढलेलीच होती, तिला परत पाठवावं लागलं. हिशोब झाला १९ पैकी ३.

तेव्हा मला शिकताना पाठ केलेलं एक मॉडेल आठवलं. हेल्थ बिलिफ मॉडेल. परीक्षेत सहा मुद्दे लिहून मार्क घेतले होते, वापरलं कधीच नव्हतं. मराठीत आपण त्याला आरोग्य-समजुतींचं मॉडेल म्हणू.

त्याच्या जन्माची गोष्ट ऐका, कारण ती अगदी माझ्यासारखीच आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने टीबी शोधण्यासाठी छातीचे एक्स-रे फुकट काढून द्यायला सुरुवात केली. गाड्या लोकांच्या दारापर्यंत यायच्या. तरी माणसं येईनात. खात्यातल्या काही मानसशास्त्रज्ञांना प्रश्न पडला की फुकट आहे, जवळ आहे, मग अडतंय कुठे? त्यातल्या गॉडफ्री हॉकबॉम यांनी तीन शहरांतल्या हजाराहून जास्त लोकांना विचारलं. दोन गोष्टी तपासल्या. हा आजार मला होऊ शकतो असं वाटतं का? आणि लवकर सापडला तर माझा फायदा आहे असं वाटतं का? ज्यांना दोन्ही वाटत होतं, त्यांच्यातल्या पाचपैकी चार जणांनी आपणहून एक्स-रे काढलेला होता. ज्यांना दोन्ही वाटत नव्हतं, त्यांच्यात पाचपैकी एकाने.

यातूनच पुढे मॉडेल बनलं. माणूस तपासणीला जाईल की नाही हे त्याच्या मनातल्या काही समजुतींवर ठरतं. मला होऊ शकतं का? झालं तर किती वाईट? गेले तर फायदा काय? जायला अडचण काय? मला हे जमेल का? आणि शेवटी एक धक्का, एक आठवण, जिच्यामुळे माणूस उठून चालू लागतो. ‘मला जमेल का’ हा भाग खूप नंतर, १९८८ मध्ये जोडला गेला. बस, एवढंच मॉडेल आहे. डोक्यात ठेवायला सोपं आणि वापरायला अवघड, कारण ते तुम्हाला आधी गप्प बसून ऐकायला लावतं.

मी आशाताईंना म्हणलं, सत्र नको, मला फक्त १२ बायकांशी बोलायचंय, एकेकीशी, त्यांच्या ओट्यावर. पहिल्या दोघींशी बोलताना मी चूक केली. विचारलं, ‘वहिनी, तुम्ही तपासणीला याल का?’ दोघी म्हणाल्या, ‘येऊ की.’ पाहुणी आलीय, तिला नाही कसं म्हणायचं! मग प्रश्न बदलला. ‘तुमच्या शेजारची बाई येणार नाही म्हणते, का बरं येत नसेल?’ आणि मग जे बाहेर आलं ते बघा. दुसरीच्या नावावर माणूस आपलं मन मोकळं करतो.

सगळ्यात पहिली गोष्ट समजली ती ‘मला होऊ शकतं का’ याबद्दल. जवळपास प्रत्येकीचं उत्तर एकच, ‘मला काही त्रास नाही ना, मग कशाला?’ आणि हे त्यांना कुणी शिकवलं होतं? मी! माझ्या सत्रात मी दहा मिनिटं लक्षणं सांगितली होती. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, घाण वासाचं पाणी जाणं. समोरच्या निरोगी बाईने मनात यादी तपासली, हे नाही, ते नाही, आणि सुटकेचा श्वास सोडला. मी तिला भिंतीपलीकडे नेऊन बसवलं होतं की हा आजार तुझा नाही. तपासणीचा अख्खा अर्थच हा की त्रास नसताना करायची. ज्या बाईला ही लक्षणं आहेत तिने तपासणीच्या गुरुवारची वाट न बघता सरळ डॉक्टरकडे जायचं असतं. दोन वेगळ्या गोष्टी मी एका स्लाइडवर कोंबल्या होत्या.

दुसरं म्हणजे एक मावशी हळूच म्हणाल्या, ‘ते वाईट चालीच्या बायांना होतं म्हणतात.’ आता हा आजार एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतो आणि तो शरीरसंबंधातून पसरतो, हे खरं आहे. पण मी ते ज्या पद्धतीने सांगितलं त्याचा अर्थ बायकांनी असा घेतला की तपासणीला जाणं म्हणजे स्वतःवर संशय घेऊन येणं. सासू काय म्हणेल, नवरा काय म्हणेल! पूर्ण खरं असं आहे की ज्या माणसाचा कधीही संबंध आलेला आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांना हा व्हायरस आयुष्यात कधी ना कधी लागतो. सर्दीसारखा कॉमन. एकाच जोडीदारासोबत राहिलेल्यांनाही. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींमध्ये तो टिकून राहतो आणि पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बदलायला लागतात. कधी लागला, कुणाकडून लागला, हे कुणीच सांगू शकत नाही. बघा, हे वाक्य एकाच वेळी दोन कामं करतं. कलंक काढतं, आणि ‘म्हणजे मलाही होऊ शकतं’ हेही पोचवतं.

आता ‘झालं तर किती वाईट’. इथे माझं काहीच काम नव्हतं आणि मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवला होता. ‘कॅन्सर म्हणजे कॅन्सल’ ही म्हण गावात लहान पोरांनाही माहीत आहे. भीती आधीच काठोकाठ भरलेली. त्यात मी ते फोटो दाखवले. एका वहिनीने सांगितलं, ‘त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मग ठरवलं, त्या वाटेलाच जायचं नाही.’ भीती वाढवली आणि सुटकेचा रस्ता जवळ दाखवला नाही, तर माणूस आजारापासून नाही, विषयापासून पळतो. या मॉडेलवर झालेल्या अभ्यासांचा १९८४ मध्ये जान्झ आणि बेकर यांनी एकत्र आढावा घेतला होता. त्यात सगळ्यात जोरदार मुद्दा निघाला अडचणींचा, आणि सगळ्यात लेचापेचा निघाला आजार किती भयंकर हा. मी नेमकं उलटं केलं होतं.

मग अडचणी. पुस्तकात यादी असते: लाज, दुखण्याची भीती, वेळ, पैसा. त्या सगळ्या निघाल्याच. पण दोन अशा निघाल्या की मला पुस्तकात कधी सापडल्या नसत्या.

पहिली, ‘ॲसिड’. या तपासणीला व्हीआयए म्हणतात. पिशवीच्या तोंडावर ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड कापसाने लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि उजेडात डोळ्यांनी बघायचं. बदललेल्या पेशी असतील तर तिथे पांढरा, ठळक डाग उठतो. मशीन नाही, लॅब नाही, उत्तर तिथल्या तिथे. मी सत्रात अगदी अभिमानाने म्हणलं होतं, ‘आम्ही तिथे ॲसिड लावतो.’ आता तुम्ही विचार करा, गावात ॲसिड कुठे असतं? संडास धुवायच्या बाटलीत! बायका घरी जाऊन एकमेकींना सांगत होत्या, आतून जाळतात म्हणे. प्रत्यक्षात ते जेवणातल्या व्हिनेगरइतकं सौम्य असतं, चायनीजच्या गाडीवर मिरच्या भिजवलेल्या असतात ना, तेच. थोडं चुरचुरू शकतं, मिनिटात थांबतं.

दुसरी अडचण मोठी. ‘तिथं गेलं की पिशवी काढायला सांगतात.’ हसू नका, यामागे खरा अनुभव आहे. मराठवाड्यात कमी वयात पिशव्या काढलेल्या बायका गल्लोगल्ली भेटतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. माझ्या ४१ मधल्या त्या सहा जणी आठवा. अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलेली बाई पिशवी काढून, कर्ज घेऊन परत आलेली जिने पाहिली आहे, तिच्या दृष्टीने तपासणीला न जाणं हाच शहाणपणा आहे. याला अज्ञान म्हणायचं? मला तरी जीभ रेटत नाही.

आणि बारावी बाई. पन्नाशीच्या अक्का, तंबाखू मळत बसलेल्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘बाई, तू केलीस का?’ माझं वय तेव्हा ३२. लग्नाला सहा वर्षं. नव्हती केली. गेल्या सत्रात मी ४१ जणींना जे करा म्हणून सांगत होते, ते मी स्वतः केलेलं नव्हतं, आणि का नाही याचा विचार केला तर उत्तर तेच, काही त्रास नव्हता, आणि लाज. पुढच्या आठवड्यात मी केली. पाच मिनिटं लागली. टेबलावर पाय वर घेऊन पडल्यावर जी अवघडलेली भावना येते ती मला शब्दांत सांगता येत नव्हती तोपर्यंत. आता येते. सत्रात मी नंतर तीच सांगितली, जशी होती तशी.

मग दुसरं सत्र बांधलं. कागदावर दोन रकाने आखले. डावीकडे बायकांनी सांगितलेली समजूत, त्यांच्याच शब्दांत. उजवीकडे, त्यासाठी मी नक्की काय करणार. उजवा रकाना भरता आला नाही तर तो मुद्दा सत्रात नाही. ज्या माहितीसमोर डावीकडे काहीच नव्हतं, ती माहिती बाहेर. व्हायरसचे प्रकार गेले. कॅन्सरचे टप्पे गेले. फोटो तर पहिले गेले. माझ्या २८ स्लाइडपैकी एकही राहिली नाही, आणि प्रोजेक्टर उचलून न्यायचा त्रास वाचला.

बोलावताना यादी करून बोलावलं. आशाताईंच्या रजिस्टरमधून ३० ते ६५ वयाच्या, पिशवी असलेल्या. आल्या २३. शिवाय तीन सासवा, ६५ च्या पुढच्या, त्या मी मुद्दाम बोलावल्या, कारण घराबाहेर पडायची परवानगी त्यांच्या हातात. वेळ सकाळची, सोयाबीनची खुरपणी उरकल्यानंतरचा आठवडा. काढणीच्या दिवसांत सत्र ठेवणं म्हणजे एका दिवसाची मजुरी मागणं.

सुरुवात गोल बसून. पहिला प्रश्न, ‘सोयाबीनवर चक्री भुंगा आला हे कधी कळतं?’ एकदम सगळ्या बोलायला लागल्या. शेंडा वाळला की लांबूनही दिसतं, पण तोपर्यंत अळी आत शिरलेली. जाणती बाई हिरव्यागार झाडाच्या देठावर दोन बारीक चक्रं बघते आणि तेवढा भाग तोडून टाकते. झाड उपटत नाही. मी म्हणलं, ही तपासणी म्हणजे हिरव्या झाडावरची चक्रं बघणं. पेशी बदलायला लागल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण १० ते २० वर्षं जातात. तेवढ्या काळात बाईला काहीच कळत नाही, पण डाग दिसू शकतो. डाग दिसला तर बहुतेक वेळा तेवढाच भाग गार करून किंवा शेकून काढतात, आणि पिशवी जागेवर राहते. ‘झाड उपटत नाहीत’, हे एका सासूबाईंनीच मोठ्याने म्हणलं. मला सांगावं लागलं नाही.

फायद्याबद्दल मी एकच अभ्यास सांगितला. मुंबईत टाटा हॉस्पिटलने वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर १२ वर्षं केलेला. तपासणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. ज्या वस्त्यांत ही व्हिनेगरची तपासणी झाली तिथे या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. मी सांगितलं, ‘दहा बाया जिथं जायच्या तिथं सात गेल्या.’ आणि जोडून हेही सांगितलं की शंभर टक्के नाही. ही तपासणी काही वेळा चुकते. डाग दिसलेल्या बऱ्याच जणींना पुढे काहीच निघत नाही. पाळी गेलेल्या बायकांमध्ये बघायची जागा आत सरकते, त्यामुळे कधी नीट दिसत नाही, मग पुढे पाठवावं लागतं. खोटं आश्वासन दिलं तर पहिल्याच उलट अनुभवाला गावभर होतं.

मग सत्राचा सगळ्यात मोठा भाग, जवळपास निम्मा वेळ, अडचणी आणि ‘मला जमेल का’ यावर. प्लास्टिकचं स्पेक्युलम, म्हणजे आत बघण्यासाठी घालतात ते बदकाच्या चोचीसारखं साधन, सगळ्यांच्या हातात फिरवलं. उघडा, मिटा, बोट घालून बघा. एक जण म्हणाली, ‘एवढंच? मला वाटलं पकड असेल.’ व्हिनेगरची बाटली फिरवली, वास घेतला, हातावर थेंब टाकला. उपकेंद्रातल्या सिस्टर स्वतः आल्या होत्या, त्या म्हणाल्या, ‘मीच बघणार, दुसरं कुणी आत नसतं. पडदा लावलेला असतो. तुम्ही थांबा म्हणलात की मी थांबणार.’ हे शेवटचं वाक्य फार मोलाचं ठरलं. मी माझा अनुभव सांगितला, लाज वाटली, थंड लागलं, दाब जाणवला, दुखलं म्हणावं असं नाही, आणि लांब श्वास सोडला की सैल होतं. अक्का मागे बसून हसत होत्या.

नंतर एक छोटं नाटुकलं. एक सून, एक सासू. सुनेने घरी काय सांगायचं? पहिल्या सुनेने सुरुवात केली, ‘आत्या, मला कॅन्सरची तपासणी...’ सासू झालेली बाई लगेच, ‘अगं बाई, कॅन्सर झाला का तुला!’ हशा पिकला. मग त्यांनीच वाक्य बदललं, ‘आत्या, तिशीच्या पुढच्या सगळ्या बायांची पाच वर्षांतून एकदा पिशवीच्या तोंडाची तपासणी असते, गुरुवारी माझा नंबर आहे.’ ‘माझा नंबर आहे’ हे त्यांचं, माझं नाही. मी ते तेव्हापासून सगळीकडे वापरते.

शेवटी धक्का. पहिल्या सत्रात मी म्हणलं होतं, ‘नक्की या हं.’ यावेळी प्रत्येकीला चिठ्ठी, तिच्यावर वार आणि वेळ. चिठ्ठी देताना पाळीची तारीख विचारून घेतली, कारण पाळी चालू असताना ही तपासणी करत नाहीत आणि ते सांगायलाही बाई लाजते, मग नुसती येतच नाही. शिवाय प्रत्येकीने आपली जोडीदारीण निवडायची, दोघींनी एकत्र यायचं. आदल्या दिवशी संध्याकाळी आशाताईंचा फोन किंवा व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप. लिहिलेला मेसेज नाही, कारण फोन बहुतेक वेळा पोराच्या हातात असतो.

दोन आठवड्यांत २३ पैकी १४ आल्या.

आता इथे थोडं थांबा. ३ वरून १४, म्हणजे मॉडेलने जादू केली असं मी म्हणणार नाही. यावेळी गट लहान होता, वेळ चांगली होती, सिस्टर स्वतः आल्या होत्या, आधीच्या सत्रातलं काही कानावर असणार. यातल्या कशामुळे किती फरक पडला हे एका गावावरून सांगता येत नाही. मला जे ठाम सांगता येतं ते मोजण्याबद्दल. पहिल्या सत्रानंतर मी जर फक्त प्रश्नोत्तरं मोजली असती तर सत्र १०० टक्के यशस्वी होतं. उत्तरं सगळ्यांना येत होती. आमच्याकडे बहुतेक सत्रांचे अहवाल असेच लिहितात, सत्राआधी इतकं ज्ञान, सत्रानंतर इतकं. मी आता एकच आकडा बघते, पात्र असलेल्यांपैकी किती जणी टेबलापर्यंत पोचल्या. देशाच्या पातळीवर तो आकडा काय आहे माहितीये? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या होत्या १.९ टक्के. शंभरात दोनही नाहीत.

त्या १४ जणींपैकी एकीला डाग दिसला. आणि इथे मी दुसऱ्यांदा आपटले. सिस्टर तिला म्हणाल्या, ‘पॉझिटिव्ह आहे, जिल्ह्याला जावं लागेल.’ ती घरी गेली आणि दोन महिने कुठेच गेली नाही. आशाताईंचा फोन उचलेना. शेवटी मी घरी गेले. तिने दार पुढे ढकलून घेतलं आणि विचारलं, ‘एड्स झालाय का मला?’ पॉझिटिव्ह हा शब्द तिने फक्त एचआयव्हीच्या संदर्भात ऐकला होता. दोन महिने ती बाई हे एकटीने डोक्यात घेऊन फिरत होती. नवऱ्याला सांगितलं नव्हतं.

माझं सगळं सत्र टेबलापर्यंत जाण्यासाठी बांधलेलं होतं. टेबलावरून उठल्यावर पुढे काय, यासाठी डावा-उजवा रकाना मी आखलाच नव्हता. पुढच्या पायरीच्या समजुती वेगळ्या असतात, अडचणी वेगळ्या असतात: जिल्ह्याचं अंतर, एसटी, कोणत्या खिडकीवर जायचं, किती खर्च, पिशवी काढतील का हा जुना प्रश्न आता दुप्पट जोरात. आम्ही तिथेच ओट्यावर बसून ते सगळं पुन्हा केलं. आशाताई तिच्याबरोबर गेल्या. तिथे डॉक्टरांनी दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघितलं, कॅन्सर नव्हता, बदललेल्या पेशी होत्या, तेवढा भाग शेकून काढला, आणि एक वर्षाने पुन्हा दाखवायला बोलावलं. पिशवी जागेवर. ती तारीख मी माझ्या फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवली आहे. आता सत्रात आम्ही ‘पॉझिटिव्ह’ म्हणत नाही. ‘डाग दिसला, नीट बघायला पाठवतोय, याचा अर्थ कॅन्सर नव्हे’ हे वाक्य सिस्टरांनी टेबलाजवळ भिंतीवर चिकटवलंय.

राहिल्या नऊ. त्यांच्याकडे मी पुन्हा गेले, कारण न आलेल्या बायकाच खरं शिकवतात. तिघींची पाळी अचानक आधी आली, त्यांना पुढची तारीख दिली. दोघींची जोडीदारीण आली नाही म्हणून त्याही आल्या नाहीत, म्हणजे माझी जोडीची युक्ती उलटीही फिरते. एक माहेरी गेली होती. एकीने स्वच्छ सांगितलं, मला नकोय, आणि तो तिचा हक्क आहे. उरल्या दोन. दोघींना यायचं होतं. एकीच्या नवऱ्याने दार अडवलं, दुसरीच्या मुकादमाने सुट्टी दिली नाही. या दोघींच्या मनात कोणतीही चुकीची समजूत नव्हती. त्यांना धोका माहीत होता, फायदा पटलेला होता, स्पेक्युलम हातात घेऊन बघितलेलं होतं. हे मॉडेल बाईच्या डोक्यात काय चाललंय ते बघतं, तिच्या दारात कोण उभा आहे ते त्याला फारसं दिसत नाही. नवऱ्यांची बैठक आम्ही पारावर घेतली, त्याची गोष्ट वेगळी, कधीतरी सांगेन. मुकादमाचं अजून काही जमलेलं नाही.

जाता जाता, इनबॉक्समध्ये नेहमी येणारा एक प्रश्न. लस घेतली असेल तर तपासणी लागते का? हो, वय झालं की लागते, कारण लस व्हायरसच्या सगळ्या प्रकारांवर चालत नाही. तुम्ही ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण पंचविशीच्या आतले आहात, तुमची वेळ यायची आहे. पण तुमच्या घरात तिशीच्या पुढची कुणीतरी आहे. तिला ‘तू तपासणी कर’ म्हणून हा एपिसोड पाठवण्याआधी एकदा तिला विचारा, शेजारच्या काकू का बरं जात नसतील? काय उत्तर येतं ते मला आवाजी मेसेजवर कळवा. पुढच्या बुधवारी भेटू.